स्पॉन्सरचं स्क्रिप्ट वाचताना मी मीच वाटत नाही

"ताई नमस्कार, मी आणि माझा मित्र जुन्या दुकानांवर मराठी पॉडकास्ट करतो, किराणा, भांडी, अत्तर, घड्याळवाले असे सगळे, मालकांशी गप्पा. पहिल्यांदाच स्पॉन्सर मिळालाय, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, ४ एपिसोड, प्रत्येकात १ मिनिट. त्यांनी पाठवलेलं असं आहे: 'शुद्धतेचा वारसा, आरोग्याची हमी! पारंपरिक लाकडी घाण्यावर काढलेलं १०० टक्के शुद्ध, केमिकल फ्री, कोलेस्टेरॉल फ्री शेंगदाणा तेल, जे घेतं आपल्या कुटुंबाच्या हृदयाची काळजी. प्रत्येक थेंबात निसर्गाची ताकद. आजच ऑर्डर करा आणि DUKAN10 कोड वापरून मिळवा १० टक्के सवलत.' वाचलं तर रेडिओवरचा माणूस बोलतोय असं वाटतं. कंपनी म्हणते तुमच्या भाषेत करा पण मुद्दे सगळे हवेत. मी त्यांच्या घाण्यावर जाऊन आलोय, मालकांनी एका बाटलीला किती दाणे लागतात ते काट्यावर वजन करून दाखवलं, टाक्यांमध्ये बसलेला गाळ दाखवला, गरम पेंड आणि गूळ खायला दिला. घरी महिनाभर तेच तेल आहे, फोडणीला आणि चटणीवर, तळणाला परवडत नाही. काय ठेवू, काय काढू?"
– एक दुकानवेडा, सांगली

दुकानवेडे दादा, तुम्ही पत्रात शेवटी शेवटी जे सहज लिहून टाकलंय ना, काटा, गाळ, पेंड-गूळ, तळणाला परवडत नाही, तीच तुमची जाहिरात आहे आणि कंपनीने पाठवलेल्या कागदात यातलं एकही नाही. त्यामुळे त्यांचा कागद "सुधारायला" घेऊच नका. विशेषणं बदलून, मध्ये एखादं "बरं का मंडळी" टाकून ते तुमचं होणार नाही, तो रेडिओवालाच राहणार, फक्त तुमचा शर्ट घातलेला.

आधी त्यांच्या कागदातलं खरंच काय बांधील आहे ते वेगळं करा. कंपनीचं नाव, कशाचं तेल, घाणा लाकडी आहे हे, कोड, सवलत किती, बस एवढंच. बाकीच्यात दोन प्रकार आहेत. एक म्हणजे "वारसा", "निसर्गाची ताकद", "प्रत्येक थेंबात" हे, जे नाव बदलून मधाला लावा, तुपाला लावा, हळदीला लावा, कुठेही बसतं. म्हणून कुणाच्या लक्षातही राहत नाही. हे सगळं जाऊ दे, कंपनीही फार रडणार नाही त्याच्यासाठी.

दुसरा प्रकार जरा जपून, तो म्हणजे दावे. "कोलेस्टेरॉल फ्री" बघा, शेंगदाणा वनस्पती आहे, वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसतंच म्हणावं इतकं, साध्या रिफाइंड तेलातही नसतं, मग हे सांगून तुम्ही ऐकणाऱ्याला काय कळवलं? उलट त्याला वाटणार बाकीच्या तेलात असतं. "हृदयाची काळजी" आणि "हमी" ही वाक्यं तर तुमच्या तोंडी अजिबात नकोत, कारण तुम्ही डॉक्टर नाही आणि तुमच्याकडे त्याचा पुरावा नाही. हे फक्त चांगलं-वाईट म्हणून नाही सांगत मी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीबरोबर जाहिरात करणाऱ्या माणसालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०२२ मध्ये आलेल्या नियमांत स्पष्ट आहे की शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक हवं, पुरेशा माहितीवर किंवा स्वतःच्या वापरावर आधारलेलं हवं. कंपनीला एवढंच लिहा की हृदयाबद्दलचा दावा मी बोलणार नाही, तुमच्याकडे त्याची कागदपत्रं असतील तर तुमच्या साइटवर टाका. बहुतेक ठिकाणी यावर वाद होत नाही, कारण हा कागद त्यांच्याकडे कुणीतरी बाटलीच्या लेबलवरून उतरवलेला असतो आणि पॉडकास्टसाठी म्हणून वेगळा विचार कुणी केलेलाच नसतो.

आता तुमचा आवाज. तो शोधायला नवीन काही लिहायचं नाहीये, तुमचा एखादा जुना एपिसोड काढा, जिथे तुम्ही पाहुण्याला नाही तर ऐकणाऱ्यांना काहीतरी समजावून सांगताय असा दोनेक मिनिटांचा तुकडा, आणि तो जसाच्या तसा टाइप करा, अडखळणं, "म्हणजे कसं", "ना", सगळं. मग कंपनीचा कागद शेजारी ठेवा. पहिली गोष्ट दिसेल ती ही की कागदातल्या एका वाक्यात तेलाच्या आधी चार विशेषणं उभी आहेत, पारंपरिक घाण्यावर काढलेलं, शुद्ध, केमिकल फ्री, कोलेस्टेरॉल फ्री, आणि तेल बिचारं शेवटी येतं. बोलताना कुणी असं बोलत नाही, आपण आधी वस्तूचं नाव घेतो आणि मग तिच्याबद्दल एकेक सांगत जातो, तेल आहे, शेंगदाण्याचं, लाकडी घाण्यावरचं. दुसरी गोष्ट, तुमच्या बोलण्यात क्रियापद हवं तिथे येत असणार, "ठेवली त्यांनी बाटली समोर", "विचारलंच मी", आणि कागदातलं शेवटचं वाक्य नुसत्या आज्ञा देतं, करा आणि मिळवा. या दोन दुरुस्त्या केल्या तरी अर्धा रेडिओवाला निघून जातो.

त्याच तुकड्यातले शब्द मोजा म्हणजे तुमचा वेगही कळेल. मराठीत शब्द लांब असतात, "घाण्यावरच्या" हा एकच शब्द पण तोंडाला केवढा वेळ लागतो, त्यामुळे इंग्रजी जाहिरातींसाठी जो मिनिटाला दीडशे शब्दांचा हिशोब सांगतात तो इकडे लावला तर धाप लागते. तुमच्यासारख्या निवांत गप्पांच्या शोला १ मिनिटात ११० ते १३० च्या आसपास धरा, पण खरा आकडा तुमच्याच तुकड्यातून येईल तो.

मग लक्षात राहणारी एक गोष्ट, इथे जरा वेळ घालवा. एकच घ्यायची, हे आधी ठरवून टाका, कारण १ मिनिटात तीन मजेशीर गोष्टी सांगितल्या की ऐकणाऱ्याकडे एकही उरत नाही. तुमच्याकडे तीन आहेत आणि तिन्ही चांगल्या आहेत हीच पंचाईत आहे. पेंड आणि गूळ ऐकूनच मला तोंडाला पाणी सुटलं, ज्यांच्या गावात घाणा होता त्यांना तर लहानपण आठवेल, पण कंपनी पेंड विकत नाही ना! लोक पेंडीच्या आठवणीत रमतील आणि तेल कुणाचं ते विसरतील, अशी गोष्ट जाहिरातीला खाऊन टाकते. गाळ चांगला आहे, कारण बाटली घरी आल्यावर तळाशी थोडा दिसला तर माणूस घाबरणार नाही, पण तो ज्याने बाटली घेतलीय त्याच्या कामाचा, ज्याने अजून घेतली नाही त्याला पहिल्याच एपिसोडमध्ये गाळ कशाला सांगायचा. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या एपिसोडला ठेवा, तुम्हाला चार करायचेत.

राहिला काटा, आणि काटाच घ्या. कारण हे तेल घेताना माणूस अडतो कुठे, तर भावाला, आणि काट्याची गोष्ट त्या अडचणीचं उत्तर आहे. शिवाय तुमचा शोच दुकानांचा आहे, वजन-मापाचं बोलणं तुमच्या तोंडी शोभतं, तेच एखाद्या क्रिकेटच्या पॉडकास्टमध्ये शोभलं नसतं. वजनाचा आकडा तुम्ही पत्रात दिला नाहीये, मी पुढे अडीच किलो धरलाय कारण घाण्यावर लिटरला साधारण तेवढे दाणे लागतात, दाणा कसा आहे त्यावर थोडं कमी-जास्त होतं. तुम्ही मात्र मालकांना फोन करून त्यांचा आकडा विचारा आणि तोच बोला, माझा नको.

गोष्ट बरोबर निवडलीय का हे बघायला मी दोन प्रश्न विचारते. हेच वाक्य दुसऱ्या तेलवाल्याला चालेल का? "शुद्ध" चालतं, "मी गेलो आणि मालकांनी माझ्यासमोर दाणे जोखले" हे चालत नाही. आणि ऐकणारा संध्याकाळी घरी कुणाला हे सांगेल का? "अगं माहितीये का, एका बाटलीला अडीच किलो दाणे जातात" हे वाक्य स्वयंपाकघरात सहज बोललं जाऊ शकतं. "प्रत्येक थेंबात निसर्गाची ताकद" हे कोण कुणाला सांगणार?

जाता जाता एक सांगते, २०१४ मध्ये अमेरिकेत सिरियल नावाचा पॉडकास्ट प्रचंड गाजला, त्याच्या सुरुवातीला मेलचिंप या ईमेल पाठवायच्या सर्विसची छोटीशी जाहिरात असायची, वेगवेगळी माणसं ते नाव घेतायत अशी, आणि त्यात एक मुलगी अडखळत "मेलकिंप" म्हणते. लोकांनी तेच उचललं, त्यावर जोक झाले, आणि त्या कंपनीचं नाव पॉडकास्ट ऐकणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आता म्हणून मुद्दाम अडखळायला जाऊ नका हं, ठरवून केलेलं अडखळणं लगेच कळतं. बघायचं ते हे की त्या जाहिरातीत लक्षात राहिलेली गोष्ट आणि कंपनीचं नाव एकच होतं. तुमच्याकडे तसं नाहीये, तुमची गोष्ट काटा आहे आणि नाव वेगळं आहे, म्हणून नाव काट्याला चिकटवून ठेवायचं काम तुम्हाला करावं लागणार. कसं ते खाली दिसेल.

मी तुमच्या पत्रातून एक मांडून बघितलंय, कंपनीच्या नावाच्या जागी "अमुक" लिहिलंय:

"जरा थांबूया, आता जाहिरात, पैसे घेऊन करतोय बरं का. अमुक तेल. शेंगदाण्याचं, लाकडी घाण्यावरचं. आणि तुमच्या मनात पहिला प्रश्न तोच असणार जो माझ्या होता, की एवढं महाग का? तर मी गेलो अमुकच्या घाण्यावर आणि विचारलंच. मालक उठले, काट्यावर दाणे ओतायला लागले. ओततायत, ओततायत, अडीच किलोला थांबले. आणि शेजारी ठेवली एक लिटरची बाटली. म्हणाले, एवढे दाणे गेले की अमुकची ही एक बाटली भरते. आता दाण्याचा भाव तुम्हाला माहितीये, करा हिशोब. मी तिथेच केला, उभ्या उभ्या. आमच्या घरी महिनाभर हेच आहे, फोडणीला आणि चटणीवर. तळणाला नाही वापरत, तेवढं नाही परवडत. घेऊन बघायचं असेल तर अमुकच्या साइटवर कोड टाका, दुकान दहा, दहा टक्के कमी होतील. लिंक खाली दिलीये. जाहिरात संपली, चला परत दुकानात."

आता यात काय काय केलंय ते सांगते. सुरुवातीला आणि शेवटी जाहिरात आहे हे सरळ सांगितलंय, कारण जाहिरात क्षेत्राची आपली जी स्वनियमन संस्था आहे, आस्की, तिच्या नियमांप्रमाणे ऑडिओमध्ये हे आधी आणि नंतर दोन्हीकडे ऐकू यायला हवं. आणि खरं सांगायचं तर त्याने मोकळं वाटतं, लपवण्यासारखं काही नाही म्हटल्यावर आवाज बदलत नाही तुमचा.

महाग आहे हे आपणच आधी बोललोय. कंपनीला हे वाचून धस्स होईल, पण ऐकणारा तेच म्हणत असतो मनात, आणि तो प्रश्न विचारला नाही तर काट्याला काही अर्थच राहत नाही, नुसतं एक दृश्य होतं. प्रश्न, मग काटा, मग हिशोब ऐकणाऱ्यावर सोडला, कारण "म्हणून हे तेल महाग नाही" असं तुम्ही बोललात की संपलं, परत रेडिओ. आणि काटा सांगून झाल्यावर दुसरी कुठलीही चमकदार गोष्ट ठेवलेली नाही, नंतरचं सगळं साधं आहे, घरात काय चालतं ते आणि कोड.

तळणाला परवडत नाही हे वाक्य मी मुद्दाम ठेवलंय आणि कंपनी सगळ्यात आधी तेच खोडायला सांगेल. भांडा त्याच्यासाठी. त्या एका वाक्यामुळे फोडणी आणि चटणी खरी वाटते. अगदीच नाही म्हणाले तर "फोडणीला आणि चटणीवर" एवढंच ठेवा आणि तिथे थांबा, पण "सगळ्या स्वयंपाकाला हेच" असं खोटं बोलू नका, तुमच्या घरी येणारा कुणीतरी ऐकणाराच असतो सांगलीत. तसंच "मालक उठले" वगैरे मी अंदाजाने लिहिलंय, तिथे दाणे कामगाराने ओतले असतील तर कामगाराने म्हणा, जे झालं नाही ते घालायचं नाही.

नाव काट्याच्या तुकड्यात दोनदा आलंय ते बघा, आधी "अमुकच्या घाण्यावर" आणि मग मालकांच्या तोंडी "अमुकची ही एक बाटली". हे असंच नाही आलं. पहिला खर्डा केला की नाव बहुतेक फक्त पहिल्या ओळीत आणि कोडच्या वेळी येतं, मध्ये "त्यांच्या घाण्यावर" असं होतं, आणि मग ऐकणाऱ्याला दाणे आठवतात, कुणाचे ते नाही. हे तपासायला तुमच्या पॉडकास्टशी संबंध नसलेल्या कुणाला तरी, मावशी, शेजारी, कुणीही, एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा की काय होतं ते आणि कुणाचं. "काय" आलं आणि "कुणाचं" नाही आलं तर नाव गोष्टीच्या आत सरकवा. दोन्ही नाही आलं तर गोष्ट उशिरा सुरू होतेय, वरचं कापा.

कोडचं एक तांत्रिक लफडं आहे. कानाने "दुकान दहा" ऐकलेला माणूस टाइप करताना DUKAN10 करेल, DUKAAN10 पण करेल, मधे स्पेसही देईल. कंपनीला सांगा की एका ए चा आणि दोन ए चा असे दोन्ही कोड चालू करा, त्यांच्याकडे पाच मिनिटांचं काम असतं ते. नाहीतर सवलत मिळाली नाही म्हणून शिव्या तुम्हाला पडतील आणि वर कंपनी म्हणेल तुमच्या शोवरून ऑर्डरी आल्याच नाहीत.

रेकॉर्ड करताना वरचं स्क्रिप्ट समोर धरून वाचू नका, इतकं सगळं करून शेवटी वाचलंत तर परत तेच. कागदावर चार शब्द लिहा, महाग, काटा, फोडणी, कोड, आणि मित्र समोर असेल तर त्याला सांगा. नाव, सवलत आणि कोड एवढंच पाठ हवं, त्यात इकडचं तिकडं नको. मित्र मध्ये "काय सांगतो, अडीच किलो?" म्हणाला तर ते ठेवा, कापू नका, पण त्याला आधी शिकवून ठेवू नका. आणि हे वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत नको, एपिसोडची सुरुवात रेकॉर्ड करता त्याच बैठकीत, माइकपासून तेवढ्याच अंतरावर करा. खोलीचा आवाज बदलला की शब्द कितीही घरचे असले तरी कानाला शिवण लागते. एडिट करताना श्वास सगळे काढू नका, विशेषतः "अडीच किलोला थांबले" नंतरची जागा, तिथे अर्धा सेकंद शांत राहू दे.

जाहिरात एपिसोडमध्ये कुठे ठेवायची हे पण तुमच्या हातात घ्या, मधोमध टाकायची म्हणजे घड्याळ लावून मधोमध नाही. पाहुणा वडिलांच्या जाण्याबद्दल बोलतोय आणि तुम्ही तिथे तेल आणलंत तर ऐकणारा तुम्हालाही माफ करणार नाही आणि कंपनीलाही. तुमच्या गप्पांमध्ये आजोबांच्या काळातलं दुकान संपून आताच्या दुकानावर यायची एक जागा असतेच, तिथे टाका.

मंजुरीसाठी कंपनीला लिहिलेलं पाठवू नका, फोनवर रेकॉर्ड केलेला का होईना पण आवाज पाठवा. बोलीतलं कागदावर नेहमी गबाळं दिसतं, मार्केटिंगवाला पेन घेऊन बसतो आणि "काट्यावर दाणे ओतायला लागले" च्या जागी "प्रत्यक्ष वजन करून दाखवले" लिहून मोकळा होतो. आवाजाबरोबर फक्त नाव, कोड, सवलत आणि काट्याचा आकडा एवढं लेखी द्या आणि त्याला हो म्हणून घ्या. त्यांचे "सगळे मुद्दे" उरलेच तर चार एपिसोड आहेत, दुसऱ्यात गाळाबरोबर "केमिकल फ्री" ऐवजी टाक्यांत तेल नुसतं बसू देतात हे येईल, जर मालकांनी तसं सांगितलं असेल तर.

आणि एक विचारून घ्या की सवलत कधीपर्यंत आहे. जाहिरात तुमच्या एपिसोडच्या फाइलमध्येच जाणार असेल तर ती दोन वर्षांनीही कुणीतरी ऐकणार, त्यामुळे बाटलीची किंमत, दाण्याचा भाव, "या महिन्यातच" असलं काही तोंडाने बोलू नका, तारीख असेल तर खालच्या वर्णनात लिहा, तिथे नंतर बदलता येते.